पुस्तकासह परीक्षा

महसूल खात्यात कारकुनीची काही वर्षे झाल्यानंतर खात्याच्या परीक्षेस बसण्याचा प्रसंग आला, तेव्हा कायद्याच्या प्रश्नपत्रिकेस महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हे पुस्तक जवळ बाळगता येते, हे ऐकून सहकाऱ्यांपैकी अनेकांनी कलमे पाठ करण्याचा विचार सोडून दिला. मी मात्र दप्तरातून मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवून त्या सावकाश वाचल्या आणि माझ्या ध्यानी आले, की कलम १५० मध्ये काय म्हटले आहे असा प्रश्न त्यांत क्वचितच विचारलेला असून, बहुतेक ठिकाणी एखाद्या खातेदाराची हकीकत सांगून तहसीलदार या नात्याने निर्णय मागितलेला आहे.

त्यांतील एका प्रश्नाने मला तयारीची दिशा दाखविली. एक खातेदार मयत होतो. मागे विधवा, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी असतात. मुलगे तलाठ्याकडे वारसाची वर्दी देताना बहिणीचे नाव गाळतात, फेरफार प्रमाणित होतो, आणि सुमारे वर्षाने सातबाराची नक्कल हाती आल्यावर मुलीस हा प्रकार कळून ती कलम १५५ खाली ‘चूक दुरुस्त करावी’ असा अर्ज करते. ज्याने अनुक्रमणिकेत ‘चुकांची दुरुस्ती’ एवढेच शोधले, तो कलम १५५ उतरवून काढून अर्ज मंजूर करील. परंतु ते कलम लेखनप्रमादाला, हितसंबंधित पक्षकारांनी कबूल केलेल्या चुकीला, किंवा महसूल अधिकाऱ्यास तपासणीत आढळलेल्या चुकीला लागू आहे, आणि या तिसऱ्या प्रकारातही पक्षकारांना नोटीस देऊन हरकतींचा निकाल लावल्याखेरीज दुरुस्ती करता येत नाही. भाऊ हक्कच नाकारीत असतील, तर वारसाचे नाव गाळणे हा लेखणीचा दोष राहत नाही, तो वाद होतो. आणि वादाचा मार्ग कलम २४७ च्या अपिलाचा, म्हणजे तहसीलदार किंवा मंडळ अधिकारी यांच्या आदेशाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे जाण्याचा असतो.

येथे उत्तर संपत नाही. कलम २५० अन्वये अशा अपिलाची मुदत ६० दिवसांची असून, त्यांतून आदेशाची नक्कल तयार होण्यास लागलेला काळ वगळावा लागतो. मुदत उलटली असल्यास कलम २५१ प्रमाणे विलंबाचे पुरेसे कारण दाखवावे लागते, आणि ते कारण कलम १५० च्या दुसऱ्या पोटकलमात सापडते, कारण फेरफाराची लेखी सूचना हितसंबंधित व्यक्तींना देणे तलाठ्यावर बंधनकारक आहे आणि ती मुलीस मिळालेलीच नव्हती. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मुलगी वर्ग १ ची वारस आहेच. तरी जमिनीवरील मालकीचा अंतिम निवाडा फेरफाराने होत नसून तो दिवाणी न्यायालयाचा विषय आहे, हे वाक्यही उत्तरात आले पाहिजे.

यानंतर मी अभ्यासाची रीतच बदलली. पुस्तकात हस्तलिखित टिपण चालत नसल्याने मार्ग स्मरणात ठेवावयाचा होता. म्हणून प्रत्येक जुना प्रश्न घेऊन त्यातील एकच हकीकत मी बदलून पाही. त्याच प्रश्नात दोघे भाऊ आणि आई लेखी कबुली देतात की बहिणीचे नाव अनवधानाने राहिले, तर काय? तत्क्षणी कलम १५५ उघडते आणि अपिलाची गरज राहत नाही. मुलीने सूचना स्वीकारून पोच दिलेली असेल तर? मग विलंबाचे कारण दुर्बल होते. साठावा दिवस सुट्टीचा असेल तर? कलम २५३ पाहावे लागते. अशा रीतीने कोणत्या शब्दाने कोणत्या कलमाकडे वळावे हे बोटांना इतके परिचित झाले, की पान उलटण्यात वेळ जाईना, आणि परंतुके मी कलमाच्या मजकुराहूनही सावकाश वाचू लागलो, कारण प्रश्न रचणाऱ्याचे लक्ष बहुधा तेथेच असते.

एक दक्षता आणखी घेतली. बाजारातील जुनी आवृत्ती स्वस्त पडते. पण कुळकायद्याचे कलम ४३ घ्या. कुळाने खरेदी केलेल्या जमिनीच्या विक्रीस पूर्वी जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागे. २०१४ च्या सुधारणेनंतर खरेदीस दहा वर्षे झाली असतील, तर आकारणीच्या चाळीस पट रक्कम भरून आणि इतर अटी पाळून ती विक्री परवानगीविना होऊ शकते. जुने पुस्तक उघडून बसलेला परीक्षार्थी अचूक वाचूनही चुकीचे उत्तर देतो, आणि ते चुकले आहे हे त्याला पुस्तकातून कळण्याचा संभव नसतो. म्हणून मी दर कलमाखालील सुधारणेचे वर्ष नव्या प्रतीशी ताडून पाहिले, आणि परीक्षेस जाताना तीच नवी प्रत बरोबर घेतली.