वीस बोंडं फोडायला दहा मिनिटं लागतात, तरी ती राहतात काहून?

आपल्या घाटाखालच्या पट्ट्यात कपाशी आता बोंडावर आली आहे. आठवड्यातून एकदा बोंडं फोडून बघा, हे कृषी सहायक सांगतात, विद्यापीठाच्या पत्रकात असतं, पेपरातही येतं. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भात काय केलं ते कोणाला सांगायची गरज नाही. तरी गावात फिरून विचारा, या आठवड्यात किती जणांनी बोंडं फोडली. बहुतेक जण म्हणतील, "उद्या पाहतो."

याला आपण आळस म्हणतो. मला ते पटत नाही, आणि काहून पटत नाही तेच आज लिहितो.

आधी काम किती आहे ते पाहा. वावरात नागमोडी चालायचं, वेगवेगळ्या झाडांवरून दहा ते पंधरा दिवसांची वीस हिरवी बोंडं तोडायची. अंगठ्यानं दाबली की फुटतील एवढी कोवळी. धुऱ्याकाठचीच घ्यायची नाहीत, आतलीही घ्यायची. फोडून आत अळी आहे का, सरकी पोखरली आहे का, रुई पिवळी पडली आहे का ते बघायचं. बोंडाच्या आतल्या सालीवर खरखरीत फोडासारखी गाठ दिसली तर अळी तिथून आत शिरली असं समजायचं. लहान अळी पांढुरकी असते, डोकं तपकिरी, गुलाबी रंग तिला नंतर येतो. म्हणून "गुलाबी दिसली नाही" म्हणजे अळी नाही, असं नसतं. वीसपैकी दोन किंवा जास्त बोंडांत सापडली, म्हणजे दहा टक्के झाली, की फवारणीची पातळी आली. सगळं मिळून दहा मिनिटं, खर्च शून्य.

आणि फोडल्याशिवाय इलाज नाही, कारण ही अळी आत गेली की शिरलेलं छिद्र बुजून जातं. बोंड बाहेरून हिरवंगार, टपोरं दिसतं. फुलात असते तेव्हा डोमकळी दिसते, पण बोंडात गेली की बाहेरून काही कळत नाही. म्हणजे पीक बाहेरून जेवढं छान दिसतं, तेवढं ते फोडायचं जिवावर येतं. खरी गोम इथंच आहे.

माझ्या धुऱ्याच्या शेजाऱ्याचं उदाहरण सांगतो. त्याला विचारून लिहितोय, नाव नको म्हणाला. तीन एकर कपाशी. माणूस पहाटे चारला उठणारा. लाइन रात्रीची असली तर रात्रभर वावरात पाणी देणारा. मागच्या हंगामात सप्टेंबरच्या शेवटी त्याच्या कामगंध सापळ्यात पतंग वाढायला लागले. एका सापळ्यात एका रात्रीत आठ पतंग, असं सलग तीन रात्री झालं तर ती धोक्याची पातळी. त्याच्या इथं तसं झालं. त्यानंतर बारा दिवसांत त्यानं काय काय केलं ऐका. गोठ्याची गव्हाण नवी बांधली, तुरीच्या ओळीतलं गवत काढलं, शेजाऱ्याच्या मोटारीचा स्टार्टर दुरुस्त करून दिला, पाइपांचे जोड बदलले. बोंडं मात्र फोडली नाहीत.

आता सांगा, हा माणूस आळशी आहे? आळशी माणूस सगळीच कामं टाळतो. यानं दहा मिनिटांचं एक काम टाळायला बारा दिवस घाम गाळला. मी त्याला विचारलं, "काय गड्या, बोंडं पाह्यली का?" तर म्हणे, "दादा, खरं सांगू? मले भेव वाटते. फोडलं अन् निघाली तं?" कृषी केंद्राची उधारी बाकी, पोरीचं कॉलेज, बँकेचं पीककर्ज. एकेका बोंडात त्याला एवढं सगळं दिसत होतं. न फोडलेल्या बोंडात अजून तरी पीक चांगलं होतं.

माझी पुतणी अमरावतीला मानसशास्त्र शिकते. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, काका, यावर अभ्यास झालेला आहे. कॅनडातल्या फ्युशिया सिरवा आणि टिमोथी पिचिल या दोघांनी २०१३ साली यावर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की टाळाटाळ हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न कमी आणि मन सावरण्याचा जास्त आहे. एखादं काम समोर आलं की भीती, कंटाळा, लाज असं काहीतरी आतून उठतं. "उद्या करू" म्हटलं की ते लगेच खाली बसतं, हायसं वाटतं. माणूस कामापासून पळत नाही, त्या कामानं जे मनात उठतं त्यापासून पळतो.

आणि ते हायसं वाटणं हेच बक्षीस होऊन बसतं. दारात आलेल्या कुत्र्याला एकदा भाकरी टाकली की ते दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला हजर. तसं एकदा टाळून बरं वाटलं की दुसऱ्यांदा टाळणं सोपं जातं. तिकडे अळी थांबत नाही, तिची एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. म्हणजे बारा दिवस टाळले तर आतली लहान अळी मोठी झाली, सरकी खाल्ली गेली, आणि बोंड फोडायची भीती पहिल्यापेक्षा दुप्पट झाली.

म्हणून अशा माणसाला "वेळेवर कर ना बाप्पा" म्हणून काही होत नाही. वेळ त्याच्याकडे होता. मोबाइलमध्ये आठवण लावूनही होत नाही, घंटी वाजली की तो ती बंद करतो. भीती कमी करायला पाहिजे.

आम्ही काय केलं ते सांगतो. पहिलं म्हणजे बघणं आणि ठरवणं वेगळं केलं. त्याच्या डोक्यात "बोंडं फोडणं" म्हणजे फवारणी, फवारणी म्हणजे पैसे, पैसे म्हणजे उधारी, अशी सगळी माळ एकात एक गुंतलेली होती. मी म्हटलं, आज फक्त मोजायचं. औषधाचं नाव काढायचं नाही. आणि मोजायच्या आधी बांधावर बसून कागदावर लिहून घेतलं: वीसात शून्य निघाली तर पुढच्या आठवड्यात बघू, एक निघाली तर तीन दिवसांनी आणखी वीस बघू, दोन किंवा जास्त निघाल्या तर विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे फवारणी. मधला तीन दिवसांचा नियम आमच्या घरचा आहे, दोनचा आकडा शिफारशीतला. आधी लिहून ठेवल्यानं एक होतं, आकडा आल्यावर पुढं काय याचा गोंधळ उरत नाही. निम्मी भीती त्या गोंधळाची असते.

दुसरी गोष्ट सगळ्यात कामाची ठरली. मी त्याची बोंडं फोडली, त्यानं माझी. दुसऱ्याच्या वावरात बोंड फोडताना हात अडत नाही, कारण त्या बोंडावर आपलं कर्ज लिहिलेलं नसतं. तो माझ्या वावरात असा भराभर फोडत गेला, की मीच म्हटलं, अरे हळू, नीट पाह्य! त्याच्या वीसपैकी तीन बोंडांत अळी निघाली, माझ्यात एक. तीन म्हणजे पंधरा टक्के. कागदावर लिहिलेलंच होतं, वाद झाला नाही. त्याच आठवड्यात त्यानं फवारणी केली, तोंडाला फडकं, हातमोजे घालून, सकाळी वारा कमी असताना.

पीक पूर्ण वाचलं असं सांगणार नाही. शेवटच्या वेच्यात कवडी बरीच निघाली. पण पहिले वेचे पांढरे झाले, आणि डिसेंबरात फरदड न ठेवता त्यानं पीक काढून टाकलं, वावरात मेंढ्या बसवल्या.

तिसरं, वेळ घड्याळावर न ठेवता रोजच्या एखाद्या कामाला बांधली. "सोमवारी बघीन" असं नाही, तर "सोमवारी डेअरीवर दूध घालून परत आलो की कॅन घरी न नेता तसाच वावरात जाईन आणि विहिरीकडच्या ओळीपासून सुरू करीन" असं. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९९९ मध्ये हीच गोष्ट मांडली, की "अमुक झालं की तमुक करीन" असं आधी पक्कं केलं तर नुसत्या इराद्यापेक्षा काम जास्त वेळा होतं. कारण ऐन वेळी मनाला विचारावं लागत नाही.

आणि एक, घरच्यांसाठी. त्याची बायको रोज म्हणायची, "तुमच्यानं काई होत नाई." टोमण्यानं भीतीत लाजेची भर पडते, आणि माणूस त्या कामाकडे अजूनच पाठ करतो. पुतणीनं कॅनडातल्याच विद्यार्थ्यांवरचा २०१० चा एक अभ्यास सांगितला. पहिल्या परीक्षेच्या वेळी अभ्यास टाळला म्हणून ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी टाळाटाळ केली. मला वाटायचं, स्वतःला सोडून दिलं तर माणूस बिघडतो. उलटंच निघालं. मी त्याला एवढंच म्हटलं, बारा दिवस गेले ते गेले, आज तारीख काय आहे?

आता सगळ्याच थांबण्याला टाळाटाळ म्हणू नका. वापसा नाही म्हणून डवरा थांबवला, ढग आहेत म्हणून फवारा थांबवला, मजूर नाही म्हणून वेचणी राहिली, हे वेगळं. ज्याच्याजवळ औषधाला पैसेच नाहीत त्याला मन सावरायच्या गोष्टी सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. ओळखायचं कसं? मी असं पाहतो: थांबण्याचं कारण सांगताना माणूस काय झाल्यावर सुरू करणार ते सांगू शकतो का. "वापसा आला की" असं उत्तर आलं तर ते थांबणं. नुसतं "पाहू" आलं आणि विषय बदलला, तर आत काहीतरी बोचतंय.

आणि माणूस एकच काम नाही, सगळीच सोडून बसला असेल, झोप-जेवण तुटलं असेल, बोलेनासा झाला असेल, तर हे कागद-बोंडाचे उपाय तिथं पुरे पडत नाहीत. आपल्या जिल्ह्यात तरी हे हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरकडे सोबत जा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

यंदा आमच्या शिवारात चौघांनी अदलाबदल ठरवली आहे. सोमवारी दुधानंतर. ज्याच्या वावरात फोडायची त्यानं त्या वेळी आपल्या वावरात थांबायचं नाही, हा नियम शेजाऱ्यानंच घातला. कालच्या सोमवारी माझ्यात शून्य, त्याच्यात एक, बाकी दोघांपैकी एकात शून्य. चौथा आला नाही. "चारा आणायचा होता" म्हणे. आज संध्याकाळी त्याच्याकडे जातो, कागद घेऊन.

तुमच्याकडे वीसात किती निघाली ते खाली लिहा, गावाचं नाव आणि पेरणीची तारीख टाकून.