पंधरा ढालींची परीक्षा

परीक्षा म्हटली की आपल्याला उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण अशा दोनच जाती ठाऊक असतात. गुणपत्रिकेवरच वाढलेल्या आपल्यासारख्यांच्या कल्पनेत तिसरी जात येत नाही. म्हणूनच, जिच्यात कुणीही नापास होत नाही अशा एका परीक्षेने आमच्या ताईच्या घराची झोप उडवली, तेव्हा मला प्रथम हसू आले आणि मग नवल वाटले. त्या नवलाचीच ही हकीकत.

परीक्षा इंग्रजीची. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा, साधारण सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा विभागाने १९९७ साली ती सुरू केली. तिच्या पायऱ्या तीन : स्टार्टर्स, मूव्हर्स आणि फ्लायर्स. २०१८ साली तिन्हींचे स्वरूप थोडे बदलले. प्रत्येक पायरीवर ऐकणे, वाचन-लेखन आणि बोलणे असे तीन भाग असतात, आणि प्रत्येक भागासाठी मुलाला एक ते पाच ढाली मिळतात. खऱ्या नव्हेत, प्रमाणपत्रावर छापलेल्या. म्हणजे सगळ्या मिळून जास्तीत जास्त पंधरा.

माझी नऊ वर्षांची भाची मधल्या पायरीला, म्हणजे मूव्हर्सला बसणार होती. भाऊजी हिशेबाच्या कामातले. पंधरा हा आकडा ऐकल्यावर त्यांना चौदा नकोसे झाले. त्यांनी दोनशे पानी वही आणली, तीत सुवाच्य अक्षरात बारा चित्रकथा इंग्रजीत लिहून काढल्या आणि रोज रात्री जेवणाआधी एक कथा तोंडपाठ म्हणून दाखवायची असा नेम घातला. एखादा शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. महिनाभरात बारा कथा पाठ झाल्या. त्याच महिन्यात भाचीने एरवी इंग्रजी बोलणे सोडून दिले. पूर्वी ती फोनवर माझ्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत भांडत असे. आता मी इंग्रजीत काही विचारले की ती आईच्या मागे लपू लागली.

ताई मराठी माध्यमातली. ती मला एकदा हलक्या आवाजात म्हणाली, ''मला तिचं काही घेता येत नाही रे. मी आपली खोलीत दूध नेऊन ठेवते आणि बाहेर येते.'' त्या वाक्याने मला खरे बेचैन केले. मुलीची परीक्षा आईला घरातल्या घरात परके करीत होती. मग शिक्षकांसाठी निघालेली त्या परीक्षेची माहिती-पुस्तिका मी मिळवली आणि बोलण्याचा भाग नीट वाचून काढला.

मूव्हर्सची तोंडी परीक्षा पाच ते सात मिनिटांची. एका वेळी एकच मूल आत जाते. आत जाण्यापूर्वी एक मदतनीस मुलाला, त्याच्याच भाषेत, आत काय काय होईल ते समजावून सांगतो. परीक्षक प्रथम दोन सारखी चित्रे दाखवतात; त्यांतले चार फरक सांगायचे. मग चार चित्रांची एक गोष्ट येते. मग चार-चार चित्रांचे गट, त्यांतले विजोड कोणते आणि का ते सांगायचे. शेवटी मुलाच्या स्वतःविषयी दोन-चार प्रश्न. भाऊजींचा सारा भर होता तो या चित्रकथेवर, आणि पाठांतर नेमके कुठे कोसळते हेही तिथेच दिसते.

कारण गोष्टीचे नाव परीक्षक सांगतात आणि पहिल्या चित्राचे वर्णनही तेच करतात. मुलाने सगळी चित्रे पाहून पुढची तीन सांगायची. ती चित्रे मुलाने आधी कधी पाहिलेली नसतात. अस्खलित कथाकथनाची अपेक्षाही नाही. प्रत्येक चित्राविषयी थोडेसे बोलले तरी चालते. मूल अडले तर परीक्षक साधा प्रश्न विचारून हात देतात. गुण कशाला, तर शब्द आणि वाक्यरचनेला, उच्चाराला, आणि समोरच्याशी होणाऱ्या देवाणघेवाणीला. म्हणजे प्रश्न ऐकून फारसा वेळ न घेता, फार आधार न लागता उत्तर देणे, यालाही मोल आहे. पाठ केलेल्या कथेत देवाणही नसते आणि घेवाणही नसते.

एका रविवारी मी चार पोस्टकार्डांवर चार चित्रे काढून नेली. पहिल्यात आजोबा आणि नात पिशवी घेऊन बाजारात निघाली आहेत. दुसऱ्यात पाऊस सुरू झाला आहे आणि दोघे पळताहेत. तिसऱ्यात ती एका दुकानाच्या छपराखाली उभी आहेत आणि तिथे एक भिजलेले मांजर आहे. चौथ्यात दोघे घरी आली आहेत आणि आजी पिशवीत डोकावते आहे, तर आत मांजर! पहिल्या चित्राचे वाक्य मी म्हटले आणि भाचीला पुढे सांगायला लावले. वहीतल्या पाचव्या कथेतही पाऊस होता. तिने एका दमात ती पाचवी कथा म्हणून टाकली. त्या कथेत कुत्रा होता, म्हणून माझ्या मांजराचाही कुत्रा झाला. मी मध्येच ''व्हेअर इज द कॅट?'' असे विचारताच ती थांबली आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू झाली.

पाठांतर ओळखण्याच्या खुणा या अशा आहेत. मुलाची नजर चित्रावर नसते, छतावर असते. आवाज एकाच लयीत चालतो. प्रश्न आला की गाडी पुढे जात नाही, मागच्या स्टेशनावर जाते. आणखी सोपी कसोटी म्हणजे दुसरे आणि तिसरे कार्ड अदलाबदल करून ठेवावे. मूल खरेच चित्र पाहून बोलत असेल तर त्याची गोष्ट बदलते, किंवा ते ''हे असं कसं?'' म्हणून हरकत घेते. पाठ म्हणणाऱ्याला बदल दिसतच नाही.

त्यानंतर मी ताईला खोलीत बोलावले. ''ताई, दूध राहू दे. या चार चित्रांची गोष्ट तू तिच्याकडून मराठीत ऐक.''

''मराठीत? परीक्षा इंग्रजीची ना?'' भाऊजींनी दारातून विचारले.

''भाऊजी, काय सांगायचं हेच डोक्यात नसेल, तर कसं सांगायचं ते कुठून येणार?'' मी म्हणालो.

भाचीने मराठीत गोष्ट सांगितली. ताईने खरोखरच्या श्रोत्यासारखे प्रश्न विचारले. मांजर पिशवीत कुणी घातले? आजोबांना ठाऊक होते का? आजी रागावली की हसली? दोघींची खडाजंगीच झाली, कारण ताईच्या मते आजोबांनी मुद्दाम घातले होते आणि भाचीच्या मते मांजर आपणहून शिरले होते. गोष्ट अशी पक्की झाल्यावर ताई म्हणाली, ''आता यातलं इंग्रजीत जेवढं येतं तेवढं मामाला सांग.'' पहिल्या दिवशी आले ते इतकेच : ''इट इज रेनिंग. दे रन. द कॅट इज वेट. द कॅट इज इन द बॅग. ग्रँडमा इज सरप्राइज्ड.'' पाच तुटक वाक्ये. पण पाचही तिची होती, आणि ती म्हणताना तिचे बोट चित्रावरून फिरत होते.

''दे रन'' चुकले म्हणून मी तिला अडवले नाही. ''यस, दे आर रनिंग. व्हाय?'' असे म्हणून बरोबर रूप माझ्या बोलण्यात घातले आणि गोष्ट पुढे नेली. या उपायाला मर्यादा आहे, तीही सांगायला हवी. पुष्कळदा मुलाच्या ते रूप लक्षातच येत नाही. त्याचे लक्ष मांजरात असते. म्हणून आठवड्याला एकच चूक निवडून तिच्याकडे वारंवार वळायचे असे मी ठरवले. पहिल्या आठवड्यात फक्त ''रनिंग, सिटिंग, लुकिंग''. बाकी साऱ्या चुकांना अभय. दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात एकदा ''दे रन'' म्हणून ती थांबली आणि आपणहून ''दे आर रनिंग'' म्हणाली. स्वतःच स्वतःला सुधारणे ही प्रगतीची मला दिसलेली सर्वांत खात्रीची खूण.

पुढे हे काम माझ्याविनाच चालू लागले. ताई रोज दहा मिनिटे देई. भाची कंटाळण्याआधीच थांबे. कधी मासिकातले चित्र, कधी भाचीनेच काढलेली चार चौकटींची गोष्ट. फरक ओळखण्याचा सराव तर ओट्यावरच होई. ताई ओट्यावर पाच वस्तू मांडी, भाचीला पाठ फिरवायला सांगून दोन बदली, आणि काय बदलले ते इंग्रजीत विचारी. विजोड ओळखण्यासाठी कांदा, बटाटा, टोमॅटो आणि चमचा पुरे. भाचीने एकदा चमच्याऐवजी टोमॅटो उचलला. ताई रागावणार तोच ती म्हणाली, ''बिकॉज इट इज रेड.'' कारण देता आले, तेव्हा ताईने ते उत्तरही मान्य केले.

एक शिकवण ताईने आपल्या मनाने दिली आणि ती मला फार मोलाची वाटते. कळले नाही तर गप्प बसायचे नाही. ''सॉरी, आय डोंट अंडरस्टँड'' असे सांगायचे. माहिती-पुस्तिकेतही मुलांना असे बोलायची सवय लावा, असा सल्ला आहे. ताईने तो वाचलेला नव्हता. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या घोळक्यात गप्प बसून तिने स्वतः बरीच वर्षे काढली होती, तिथून तो आला होता.

सगळेच ओट्यावर साधते असे मात्र नाही. ऐकण्याच्या भागासाठी खरे इंग्रजी आवाज कानावर पडावे लागतात. केंब्रिजच्या संकेतस्थळावर नमुन्याच्या प्रश्नपत्रिका ध्वनिमुद्रणासह विनामूल्य मिळतात; त्या आम्ही वापरल्या. परीक्षेत प्रत्येक उतारा दोनदा ऐकवतात, हे कळल्यावर भाचीची निम्मी घाई ओसरली. वाचन-लेखनात शब्द अचूक लिहावे लागतात. तिथे वहीच लागते, आणि ते काम भाऊजींनी मनापासून केले. फक्त पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवून घेण्याचे प्रसंग आम्ही दोनवर आणले. परीक्षेचे रूप ओळखीचे व्हायला तेवढे पुरते.

निकाल लागला. ऐकण्यात चार, वाचन-लेखनात तीन, बोलण्यात चार, अशा अकरा ढाली. भाऊजींनी सवयीने वजाबाकी केली आणि विचारले, ''चार कुठे गेल्या?'' मी त्यांना सांगितले की त्या कुठे गेल्या नाहीत. मुलीला आज काय येते एवढेच हे प्रमाणपत्र सांगते, आणि तीन ढालींचा भाग कोणता ते पाहून पुढे कुठे लक्ष द्यायचे ते ठरवता येते. ते पटले की नाही कोण जाणे, पण वही त्यांनी पुन्हा काढली नाही.

भाचीने प्रमाणपत्र बाजूला ठेवून मला वेगळेच विचारले. पुढच्या पायरीला, फ्लायर्सला, गोष्टीत किती चित्रे असतात? पाच, मी म्हणालो. तिने ताईकडे पाहिले. ''आई, पोस्टकार्ड एक जास्त लागेल.''