परक्या माणसाला हिशेब जमतो का?

पार्टनरशिप डीड इतकं वाचनीय असतं, हे मला कोणी आधी का सांगितलं नाही? लातूरला सासऱ्यांची आणि चुलत सासऱ्यांची भागीदारीत पाइप-मोटारीची पेढी आहे आणि तिथलं लिखापढीचं काम माझ्याकडे. आयकर खात्याची नोटीस आली तेव्हा घर काळजीत पडलं आणि मी मात्र रात्रभर वाचत सुटले!

नोटिशीचा रोख असा: २०२२-२३ सालात दोघा भागीदारांनी मिळून १२ लाख मोबदला घेतला, भांडवलावर ३ लाख व्याज घेतलं, डीडमधली कलमं संदिग्ध आहेत, म्हणून हे १५ लाख खर्च म्हणून नामंजूर का करू नयेत? पेढीला कर ३० टक्के, वर ४ टक्के सेस. म्हणजे ४,६८,००० रुपये, व्याज-दंड वेगळाच.

"आम्ही घेतले, पुस्तकात लिहिले, त्यावर दोघांनी आपापल्या रिटर्नमध्ये करही भरला. आणखी काय पाहिजे?" चुलत सासरे, म्हणजे आमचे काका, म्हणाले. प्रश्न रास्तच होता. पण गंमत बघा, १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या १३ व्या कलमानुसार भागीदाराला कामाचा मोबदला मुळात मिळतच नाही, करारात लिहिला असेल तरच मिळतो! आणि १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ४०(बी) म्हणतं की मोबदला आणि व्याज डीडने मंजूर केलेलं हवं आणि डीडच्या अटींप्रमाणेच दिलेलं हवं. पैसे खरोखर दिले, एवढ्यावर भागत नाही.

मग हाती लागलं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं १९९६ चं ७३९ क्रमांकाचं परिपत्रक. डीडमध्ये प्रत्येक काम करणाऱ्या भागीदाराची रक्कम लिहा, नाहीतर ती काढायची रीत लिहा, असं ते सांगतं. रीत! इथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दिल्ली उच्च न्यायालयाने सूद ब्रिज अँड असोसिएट्सच्या प्रकरणात, भागीदार वेळोवेळी आपसांत ठरवतील ते, एवढ्यावर वजावट दिली नाही. हिमाचल उच्च न्यायालयाने दुर्गा दास देवकी नंदनच्या प्रकरणात, कलम ४०(बी) प्रमाणे मोबदला, असं लिहिलेलं पुरेसं मानलं. दोन्ही निकाल २०११ चे. वरवर एकमेकांच्या विरुद्ध, पण मला त्यांतून एकच कसोटी दिसली: परक्या माणसाच्या हातात फक्त डीड आणि हिशेबाची पुस्तकं दिली, तर त्याला रुपयाचा आकडा काढता येतो का?

लगेच आमचं डीड काढलं. नववं कलम: कलम ४०(बी) नुसार जास्तीत जास्त बसेल तेवढा मोबदला, दोघांत निम्मा-निम्मा, संमतीने कमी घेता येईल. मी कागद-पेन घेतलं. व्याज वजा जाता आणि मोबदला वजा करण्याआधीचा नफा, म्हणजे बुक प्रॉफिट, २० लाख. त्या वर्षीच्या नियमाने पहिल्या ३ लाखांवर ९० टक्के म्हणजे २.७० लाख, उरलेल्या १७ लाखांवर ६० टक्के म्हणजे १०.२० लाख. एकूण १२.९० लाख. आकडा निघाला! घेतलेले १२ लाख त्याच्या आतच होते. (आता कर निर्धारण वर्ष २०२५-२६ पासून पहिला टप्पा ६ लाखांचा झाला आहे.)

दहावं कलम मात्र ढिलं निघालं: व्याज १२ टक्क्यांपर्यंत, भागीदार ठरवतील त्या दराने. दर कुठला? डीड गप्प. १२ टक्के ही कायद्याची कमाल आहे, कराराचा दर नव्हे. परक्या माणसाने इथे हात टेकले असते.

सीएंनी याच मांडणीने उत्तर दिलं, सोबत नफ्याचा तक्ता आणि दोन्ही भागीदारांची रिटर्न्स जोडली. अधिकाऱ्यांनी मोबदला मान्य केला, ३ लाख व्याज नामंजूर केलं. पेढीवर ९३,६०० चा कर पडला. काका हिरमुसले, पण मला आणखी एक रत्न सापडलं होतं: कलम २८(v) चं परंतुक! पेढीला जी रक्कम वजा मिळाली नाही, तेवढी भागीदाराच्या उत्पन्नातून कमी करायची. एकाच पैशावर दोनदा कर नाही. दोघांचे प्रत्येकी दीड लाख कमी करून मागायचे अर्ज आम्ही केले. खात्याची नोटीस हे आपणहून सांगत नाही, आपणच मागायचं असतं.

मग सासऱ्यांनी आणि काकांनी पुरवणी डीडवर सह्या केल्या: भांडवलावर दरसाल सरळ १२ टक्के. ते सहीच्या तारखेपासून पुढेच चालतं, मागच्या काळाला लावता येत नाही. तेव्हा तुमची पेढी असेल तर आजच कपाटातलं डीड काढा, हिशेबाशी संबंध नसलेल्या कोणाला तरी वाचायला द्या आणि विचारा, आकडा निघतो का. निघत नसेल, तर येत्या १ एप्रिलच्या आत दुरुस्ती उरकून घ्या.