नाव कमी करणे

बंगळुरात राहून मराठी अनुवाद करणाऱ्या माणसाचं पोट कथा-कादंबऱ्यांवर भरत नाही. ॲपच्या बटणावर ‘पुढे जा’ लिहायचं की ‘सुरू ठेवा’, पैसे अडकले तर ग्राहकाला ते कोणत्या शब्दांत सांगायचं, असल्या कामांवर घर चालतं. अशाच एका कामासाठी मला दर गुरुवारी दुपारी चारच्या बैठकीत घेतलं होतं. सात भाषांचे सात अनुवादक, दोन व्यवस्थापक आणि अर्धा तास. मराठीचं काम मार्चमध्ये पुरं झालं, बिलाचे पैसेही आले. बैठकीचं बोलावणं मात्र ऑगस्टमध्येही येतच होतं, आणि गटाच्या पत्त्यावरच्या मेलही. तमिळ शब्द लांब असल्यामुळे बटणात मावत नाही, यावर तीसेक मेल झाल्या. त्या सगळ्या मला आल्या.

मला काढायला कुणी विसरलं, असं मला आधी वाटत होतं. एकदा बोलावण्यासोबत आलेली फाइल साध्या मजकुरासारखी उघडून पाहिली, तेव्हा कारण वेगळंच निघालं. आत ही ओळ होती:

```
RRULE:FREQ=WEEKLY;BYDAY=TH
```

दर आठवड्याला, गुरुवारी, एवढंच. निरनिराळ्या कंपन्यांची कॅलेंडरं एकमेकांशी या भाषेत बोलतात. ती १९९८ साली ठरली आणि २००९ साली तिची सुधारित आवृत्ती आली. या ओळीत `UNTIL` घालून शेवटची तारीख देता येते, किंवा `COUNT` घालून बैठक एकूण किती वेळा होणार ते सांगता येतं. दोन्ही घातलं नाही तर नियम असा, की बैठक कायम होत राहणार. थोडक्यात, ती थांबवायला कुणी विसरलं नव्हतं; ती संपेल असं मुळात कुणी लिहिलंच नव्हतं.

मग मी काय करू शकत होते? बोलावण्याखाली ‘नाही’ असं बटण असतं. ते दाबलं की संयोजकाकडे माझ्या नावापुढे `PARTSTAT=DECLINED` अशी नोंद जाते. म्हणजे नकार पोचतो, पण नाव यादीत राहतं. आता ते न येणाऱ्याचं नाव असतं. पाहुण्याला या भाषेत हो, नाही किंवा बहुतेक असं उत्तर देता येतं. ‘माझा आता संबंध उरला नाही’ असं म्हणण्याची सोय तिथे नाही. यादीतून नाव फक्त संयोजकच काढू शकतो.

आमच्यातल्या हिंदीच्या अनुवादकानं दुसरा मार्ग धरला होता. त्यानं आपल्या कॅलेंडरातून सगळी मालिका पुसून टाकली. जूनमध्ये बैठक चारवरून साडेचारला सरकली आणि त्याच्याकडे नवं बोलावणं हजर झालं. ‘ही आणि यापुढची’ असा पर्याय निवडून वेळ बदलली, की कॅलेंडर जुनी मालिका तिथे संपवतं आणि नवी सुरू करतं. जुन्या मालिकेला दिलेला नकार नव्या मालिकेला लागू होईलच, असं नसतं.

म्हणून पत्र लिहिणं भाग होतं. पण कुणाला? सगळ्यांना एकदम लिहिलं तर काय होतं, याचा किस्सा संगणकाच्या जगात प्रसिद्ध आहे. १९९७ साली मायक्रोसॉफ्टमध्ये एकाला आपण एका अनोळखी मेल-यादीत असल्याचं दिसलं. ‘मला यातून काढा’ असं त्यानं त्या यादीलाच लिहिलं. यादीत सुमारे तेरा हजार पत्ते होते. ‘मलाही’, ‘मलाही’ अशी उत्तरं सुरू झाली, तीही सगळ्यांना, आणि कंपनीची मेलव्यवस्था कोलमडली. आमचा गट नऊ जणांचा, पण चाल तीच. शिवाय सगळ्यांसमोर ‘माझा संबंध नाही’ म्हटलं, की ज्यांचा संबंध आहे त्यांना ते लागतं.

बैठक उघडली की पाहुण्यांच्या यादीत एका नावाखाली ‘संयोजक’ असं लिहिलेलं असतं. आमची संयोजक बाई मे महिन्यातच दुसऱ्या विभागात गेली होती. बैठक घेत होता तिचा सहकारी, पण मालिका तिच्या नावावर होती. यादीत आणखी एक गोष्ट दिसली. माझं नाव दोन ठिकाणी होतं: एकदा गटाच्या पत्त्याच्या आत, आणि एकदा स्वतंत्र. पहिल्या आठवड्यात गट तयार नव्हता, तेव्हा कुणीतरी ते हातानं घातलं असणार. एकाच ठिकाणचं काढलं असतं तर दुसरीकडून बोलावणं येत राहिलं असतं.

आता शब्द. इंग्रजीत या मागणीचं ठरलेलं वाक्य आहे. ते मराठीत मनाशी म्हणून पाहिलं तर ‘मला काढून टाका’ असं होतं, आणि आपण नोकरीतून काढून टाकतो. ‘वगळा’ म्हटलं तर रुसल्यासारखं. मग सासरी आले तेव्हाचा रेशन कार्डाचा कागद आठवला: ‘नाव कमी केल्याचा दाखला’. माहेरच्या कार्डावरून नाव कमी करायचं, तो दाखला सासरच्या तालुक्यात दाखवायचा आणि तिथे नाव चढवायचं. त्यात कुणी कुणाला हाकललेलं नसतं. माणूस आता कुठे जेवतो, एवढीच नोंद दुरुस्त होते. मला नेमकं हेच म्हणायचं होतं.

पत्र इंग्रजीत लिहिलं, संयोजक बाईला आणि तिच्या सहकाऱ्याला, दोघांनाच. मजकूर साधारण असा: ‘गुरुवारी साडेचारच्या भाषा-आढावा बैठकीतून आणि तिच्या मेल-गटातून कृपया माझं नाव कमी करावं. मराठीचं काम मार्चमध्ये पूर्ण झालं आहे. बैठकीत माझं नाव गटाबरोबरच स्वतंत्रही आहे, दोन्हीकडून काढावं लागेल. ग्राहकाची अंतर्गत चर्चा अजून माझ्यापर्यंत येते, तीही त्यामुळे थांबेल. मराठीबद्दल काही विचारायचं असल्यास मला थेट लिहावं. नवं काम आल्यास मी उपलब्ध आहे.’

शेवटचं वाक्य लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला. फ्रीलान्स माणसाला यादीतून जायची भीती वाटते ती याचसाठी. काम देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दर गुरुवारी आपलं नाव येतं, तेवढीच आपली आठवण. पाच महिने मी बोलावणी सोसली ती त्या हिशेबानं. पण मार्चपासून त्या नावाकडे एकही काम आलं नव्हतं. आलेली दोन्ही कामं वेगळ्या, थेट मेलनं आली होती. हिशेब तिथे मिटला.

दुसरी गोष्ट हिशेबात बसणारी नव्हती. बैठक सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी मी आणि धारवाडची कन्नड अनुवादक, आम्ही दोघीच आलेल्या असायचो. व्यवस्थापक येईपर्यंत शब्दांची अदलाबदल चालायची. मराठीतला ‘अडकित्ता’ कन्नडमधून आला, हे मला माहीत होतं. तिच्या आजीच्या तोंडी किती मराठी शब्द होते, ते तिनं सांगितलं. आमच्याकडे एकमेकींचे नंबर नव्हते, कधी लागलेच नव्हते. पत्र पाठवायच्या आधीच्या गुरुवारी मी चार पंचविसाला बैठकीत गेले आणि तिला म्हटलं, ‘अक्का, मी हेसरु तेगेसत्ये’, म्हणजे नाव काढून घेते आहे. ती माझ्या धेडगुजरी कन्नडला हसली आणि तिनं नंबर दिला.

नाव दोन दिवसांत कमी झालं. कॅलेंडरात पुढचे सगळे गुरुवार एकदम मोकळे दिसले. संयोजक बाईचं एका ओळीचं उत्तर आलं: आपलंही नाव अजून तिथेच आहे हे तिला माझ्या पत्रामुळे कळलं होतं, आणि आता मालिका दुसऱ्याच्या नावावर करून तीही निघणार होती.