डोकं दुखतंय म्हणाली, पण दुखत होता कान

पावसाळ्यातली गोष्ट. वटारला आमच्या घरी मुलीला चार दिवसांपासून सर्दी होती, घसाही दुखत होता. इशाच्या नमाजनंतर ती म्हणाली, "अम्मी, डोकं दुखतंय." आम्ही कपाळाला बाम चोळला आणि झोपवलं. आडवी झाली की ती जास्त रडायची, उचलून खांद्यावर घेतली की थोडी शांत व्हायची. दादीने लसूण घालून तेल कोमट करायला घेतलं.

तेवढ्यात आम्हाला सुचलं आणि विचारलं, "बेटा, कुठे दुखतं ते एका बोटाने दाखव." बोट कपाळावर गेलंच नाही. ते उजव्या कानाच्या वर, कानशिलापाशी थांबलं. तेलाची वाटी बाजूला ठेवली. पडदा फाटलेला असेल तर तेल आत जातं आणि डॉक्टरांना कान नीट दिसतही नाही.

सकाळी नालासोपाऱ्याला डॉक्टरांनी दुर्बिणीने कान पाहिला. पडदा लाल होऊन फुगला होता. घशाच्या मागून कानाच्या मधल्या भागात एक बारीक नळी जाते. मुलांमध्ये ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून सर्दीची सूज आणि जंतू सहज वर चढतात. नळी बंद झाली की आत द्रव साचतो, पडद्यावर ताण येतो आणि ठणका कानशिलापर्यंत पसरतो. आडवं झाल्यावर तो वाढतो. केवळ घसा सुजला असला तरी कानात दुखू शकतं, कारण दोन्हीकडच्या संवेदना नेणाऱ्या काही नसा एकच आहेत.

मग आई-वडिलांनी काय पाहावं? गिळताना कळ येते का, मूल कान ओढतं का, हाक मारल्यावर "काय?" असं परत विचारतं का. कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा हलकेच दाबला आणि मूल किंचाळलं, तर दुखणं बहुधा बाहेरच्या नळीत असतं. बावखलात पोहून आल्यावर असं होतं. मधल्या कानाच्या दुखण्यात हा दाब सहसा त्रास देत नाही. पण घसा की कान हे घरी पक्कं ठरत नाही, त्यासाठी कान आतून पाहावाच लागतो. अचानक पू वाहून ठणका थांबला, तर बरं झालं असं समजू नये. पडद्याला भोक पडलेलं असू शकतं.

रात्र काढायला पॅरासिटामॉल चालतं. वजनाच्या दर किलोला 10 ते 15 मिलीग्रॅम, म्हणजे 20 किलोच्या मुलाला एका वेळी 200 ते 300. दोन डोसांत सहा तास जाऊ द्यावेत. सिरपची ताकद बाटलीगणिक वेगळी असते, म्हणून लेबल वाचूनच मोजावं. अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

मात्र कानामागचं हाड लाल होऊन सुजलं, कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, मान ताठ झाली, उलट्या होऊ लागल्या, उजेड सहन होईना किंवा मूल सुस्त पडलं, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच घडीला रुग्णालय गाठावं.

आमची मुलगी औषधाने तिसऱ्या दिवशी हसली. आता घरात कुणी डोकं दुखतं म्हटलं, की बाम काढण्याआधी आम्ही म्हणतो, एका बोटाने दाखव.