मुरगळलेला पाय आणि दिल्लीचा प्रवास



लेकीच्या बाळंतपणासाठी दिल्लीला निघाले आणि आठवडाभर आधी जिन्यावर उजवा घोटा मुरगळला. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. डॉक्टर म्हणाले, "जा, पण पाय लोंबकळत ठेवू नका." ते बोलणं मी कानाआड केलं.

मिरजेहून गाडीत बसताना क्रेप बँडेज घट्ट आवळलं, तेही घोट्याकडून खाली. पुणं येईतो बोटं गार, निळसर आणि बधिर! बँडेज सोडलं तर कातडीवर वळ. पाय खाली लोंबत असला की पाणी पावलाकडे उतरतं, सूज वाढते आणि तेच बँडेज फास होतं.

मग नीट बांधलं. बोटांच्या मुळापासून सुरुवात, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर, पावलाशी जरा ताण आणि वर सैल. बोटं उघडी. नख दाबून सोडलं की दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. झोपताना मी ते काढून ठेवलं. ज्यांना ताजं प्लास्टर आहे त्यांना असं सैल करता येत नाही, म्हणून त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावंच.

दिवसा समोरच्या ताईंना विनंती करून पाय त्यांच्या बाकावर, पिशवीवर ठेवला. रात्री खालच्या बर्थवर घडी केलेली दोन ब्लँकेट्स पोटरीखाली घेतली, म्हणजे पाऊल छातीपेक्षा उंच राहिलं. सकाळी सूज निम्मी.

दर तासाला पाऊल वर-खाली पंधरा वेळा, दुखेल त्याच्या अलीकडे थांबून. पोटरी आवळली की रक्त वर ढकललं जातं. चालायचं ते गाडी थांबलेली असताना, डब्यातल्या डब्यात. आपण बायका स्वच्छतागृहाच्या भीतीने पाणी टाळतो. माझं तर सूर्यास्तानंतर पाणी नाही, म्हणून दिवसभर थोडं थोडं पीत राहिले. त्या निमित्तानेही उठणं होतंच.

सामानाचं आधीच ठरवलं होतं. काठी डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला. उजवा हात दाराच्या दांड्यासाठी मोकळा. औषधं आणि डबा पाठीवरच्या सॅकमध्ये, दोन्ही पट्टे खांद्यावर. डिंकाच्या लाडवांची जड बॅग हमालाकडे. चाकांची बॅग ओढत एका हाताने चढणं म्हणजे पुन्हा मुरगळणं.

एक मात्र लक्षात ठेवा. घोट्याऐवजी एकाच पायाची पोटरी दुखू लागली, गरम लागली, सुजली आणि रात्रभर पाय उंच ठेवूनही उतरली नाही, तर ती मुरगळ नव्हे, रक्ताची गुठळी असू शकते. तिथे चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर पुढच्याच स्टेशनवर मदत मागा.

मी दिल्लीला उतरले ती स्वतःच्या पायांवर. नातीला मांडीवर घेतलं तेव्हा पाय मात्र उशीवर होता!