साडेचारची वेळ

ब्रॉयलर भर बाराच्या उन्हात सहसा मरत नाही. तो मरतो चार ते सहाच्या दरम्यान, ऊन उतरायला लागल्यावर, आपण चहा घेत आजचा दिवस निभावला असं म्हणत असतो तेव्हा. औसा तालुक्यात आमचं पोल्ट्रीचं शेड आहे. शेती नवरा बघतो, पक्षी मी बघते. कंपनी पिल्लं, खाद्य, औषध देते आणि तयार पक्षी किलोच्या दराने उचलून नेते. मरीचा हिशोब मात्र आमच्या पैशांतून कापला जातो, म्हणून या साडेचारच्या वेळेशी माझी चांगलीच ओळख आहे.

पक्ष्याचं अंग मुळात ४१ अंशांच्या आसपास तापलेलं असतं. त्याला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकायच्या आणि घशातल्या ओलाव्यावाटे उष्णता बाहेर टाकायची, एवढाच मार्ग त्याच्याकडे उरतो. त्यात खाद्य पचताना शरीरात आणखी उष्णता तयार होते आणि खाल्ल्यावर साधारण तीन ते पाच तासांनी ती सगळ्यात जास्त असते. अकराला पोटभर खाल्लेल्या पक्ष्याच्या पोटातली भट्टी तीन-चारला ऐन भरात येते. बाहेरचा पाराही तेव्हाच वर असतो आणि दिवसभर तापलेले पत्रे खाली आग ओकत असतात.

म्हणून मार्च संपला की आमच्या शेडचं घड्याळच बदलतं. पहाटे तीनला लाईट लावायचे, भांडी भरायची. गारव्यात पक्षी भराभर खातो, सातपर्यंत बहुतेकांचं पोट भरलेलं असतं. नऊला भांडी दोरीने वर ओढायची ती संध्याकाळी सहापर्यंत खाली आणायची नाहीत. दोन आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना मी असं उपाशी ठेवत नाही. त्यांना ऊबच हवी असते. मोठ्यांच्या बाबतीत सुपरवायझरची ठरलेली तक्रार असते, "ताई, वजन मिळणार नाही." थोडं कमी मिळतं, खोटं कशाला बोलू? रात्रीच्या खाण्यात बरीचशी कसर भरून निघते, सगळी नाही. पण दोन किलोचा पक्षी मेला तर त्याने आजवर खाल्लेलं सगळं खाद्य वाया जातं, हा हिशोब त्यालाही पटतो. भांडी खाली सोडताना मात्र दोन्ही रांगा एकदम सोडाव्या लागतात. एकच रांग सोडली तर सगळे पक्षी तिकडे धावतात, एकमेकांच्या पाठीवर चढतात, नखांनी ओरबाडतात.

खरी ओढाताण होते ती पक्ष्यांच्या संख्येवरून. शेड ३० फूट रुंद, २०० फूट लांब, म्हणजे ६,००० चौरस फूट. थंडीत पक्ष्याला एक फूट धरून मी जवळजवळ ६,००० पिल्लं घेते. एप्रिल-मेच्या बॅचला सव्वा फूट धरते, म्हणजे ४,८००. पहिले तीन आठवडे शेड रिकामंच वाटतं आणि येणारा-जाणारा म्हणतो, जागा वाया घालवलीस. पण पाचव्या आठवड्यात पक्षी दोन किलोकडे जातो तेव्हा याच जागेत साडेनऊ टन जिवंत मांस बसलेलं असतं, आणि प्रत्येक पक्षी उष्णता सोडत असतो. दाटी झाली की ते एकमेकांना चिकटून बसतात, पोटाखालचा तूस तापतो आणि पंखांमधून वारा फिरत नाही. मग पंखे कितीही लावा, वारा पाठींवरून निघून जातो.

पाण्याचं गणित सोपं आहे, पण फसवं. एवढे पक्षी मोठे झाले की दिवसाला साधारण ७५० किलो खाद्य खातात आणि एरवी त्याच्या दुप्पट, म्हणजे दीड हजार लिटर पाणी पितात. पारा चाळीसला गेला की हेच पाणी तीन हजारांवर जातं, आणि त्यातलं बरंचसं दुपारच्या चार-पाच तासांत. आमची टाकी दोन हजारांची. दुपारी लाईट गेली की बोअर बंद, म्हणून दुसरी टाकी बसवली. दोन्हींवर छप्पर घातलं, गोणपाट गुंडाळून ते भिजत ठेवलं. पण टाकी थंड असली तरी निपलच्या पाइपात उभं राहिलेलं पाणी तापतंच. गरम पाणी पक्षी पीत नाही. नुसता निपलला चोच लावतो आणि सोडतो. म्हणून बारानंतर तासा-दीड तासाने लाइनच्या टोकाचा कॉक उघडायचा, हाताला गार लागेपर्यंत पाणी जाऊ द्यायचं. क्षार आणि क जीवनसत्त्वाची पावडर मी सकाळी देते, धापा सुरू व्हायच्या आधी. दुपारी साधं पाणी.

मेमधल्या एका बॅचचा ३६वा दिवस. पुढच्या रात्री लिफ्टिंग ठरलेलं. दुपारी ४२ अंश आणि हवा कोरडी ठणठणीत. अशा हवेत नुसत्या पंख्याने फारसं होत नाही, कारण वाराच पक्ष्याच्या अंगाइतका गरम असतो. तेव्हा फॉगर कामाला येतो: दोन मिनिटं चालू, आठ-दहा मिनिटं बंद. तुषार पक्ष्यापर्यंत पोचायच्या आधी हवेत विरतो आणि हवा गार होते. पत्र्यावर उसाचं पाचट, त्यावर स्प्रिंकलर. सगळं ठीक चाललं होतं.

चारच्या सुमारास पश्चिमेला ढग आले आणि वारा पडला. पक्षी पंख अंगापासून सुटे धरून माना लांब करून बसले होते, आणि एरवीचा कलकल आवाज बंद झाला होता. मी हात पुढे धरला तर फॉगरचे थेंब तसेच मनगटावर उतरले. हवेत दमटपणा भरला होता, पाणी विरत नव्हतं. अशा वेळी फॉगर चालू ठेवला तर पक्ष्याची धापही निरुपयोगी होते, कारण घशातला ओलावा बाहेर जायला कोरडी हवाच नसते. सासरे म्हणाले, "अगं, गार होतंय ना, बंद कशाला करतेस?" मी फॉगर बंद केला. पश्चिमेकडचे भिजवलेले गोणपाटाचे पडदे वर गुंडाळले, कारण ते आता वारा अडवत होते. सगळे पंखे एकाच दिशेने, पक्ष्यांच्या उंचीवर फिरवले. लाईट गेली तर म्हणून जनरेटर चालू करून बघितला.

मग आम्ही दोघं दोन भिंतींकडून हळूहळू चालत निघालो, पाय न आपटता, पक्षी नुसते उठून दोन पावलं सरकतील एवढंच. उठला की त्याच्या पोटाखालची कोंडलेली उष्णता मोकळी होते, आणि बरेचसे उठल्यावर पाण्याकडेच वळतात. घाबरवून पळवलं तर उलटं होतं, पळण्यानेच पक्षी मरतात. सगळ्यात आधी जातात ते वजनदार नर, म्हणून माझं लक्ष त्यांच्याकडेच होतं. तरी त्या संध्याकाळी १९ पक्षी गेले, बहुतेक मधल्या भागातले, जिथे वारा सगळ्यात कमी पोचतो.

दुसऱ्या रात्री लिफ्टिंगची गाडी साडेअकराला आली. क्रेटमध्ये बारा पक्षी भरायचे की दहा, यावरून ड्रायव्हरशी वाद झाला. मी दहावर अडून बसले. लातूरच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, गाडी तिथे उभी राहिली तर क्रेटमधून वारा जायला हवा. नंतर सुपरवायझरने पुढच्या बॅचची संख्या विचारली. जूनचा पाऊस वेळेवर आला तर ५,४०० घेईन, म्हटलं. त्याने वहीत ५,५०० लिहिलं आणि पुढे कंसात प्रश्नचिन्ह टाकलं.